नाव आणि हँडल बदलल्यानंतर फॉलोअर गळू लागले आणि ग्राहक गोंधळले, तर काय तपासावे

व्यवसायाचे नाव बदलल्यावर समाजमाध्यमांवरील खात्यांत जो बिघाड दिसतो, तो मी अनेक व्यवसायांसाठी दुरुस्त केला आहे. व्यवसाय निरनिराळे असले तरी बिघाडाची कारणे फारशी बदलत नाहीत. येथे मुख्यतः इन्स्टाग्राम डोळ्यांपुढे ठेवले आहे, कारण तेथे नाव, हँडल म्हणजे `@` नंतरचे वापरकर्तानाव, आणि चित्र या तिन्ही गोष्टी ग्राहकाच्या नजरेस एकदम पडतात. इतर ठिकाणांचे वेगळे नियम जेथे कामाचे आहेत तेथे सांगितले आहेत. ज्यांनी अजून नाव बदललेले नाही त्यांनीही तपासण्या याच क्रमाने वाचाव्यात, म्हणजे यांतील बहुतेक दुरुस्त्यांची गरजच पडणार नाही.

लक्षणे

सर्वांत आधी दिसते ती फॉलोअरांची हळूहळू होणारी गळती. ती रोज सारखी नसते. नवी पोस्ट टाकली की काही जण खाते सोडतात, दोन-तीन दिवस शांतता असते आणि पुढच्या पोस्टनंतर पुन्हा काही जण जातात. याच सुमारास संदेशांत ‘तुम्ही तेच का?’, ‘मी तुम्हाला कधी फॉलो केले?’ अशा चौकशा येऊ लागतात. जुना ग्राहक मागणी नोंदवतो, पण पैसे भरण्याच्या पानावर वेगळे नाव दिसले की तेथेच थांबतो. जुन्या हँडलची लिंक उघडल्यावर `Sorry, this page isn't available.` अशा अर्थाचा मजकूर दिसतो. जुन्या नावाने शोधले तर काहीच सापडत नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलत्याच कोणाचे खाते सापडते.

ही सर्व लक्षणे एकाच कारणाची नसतात, म्हणून उपायाला हात घालण्यापूर्वी निदान करावे. फॉलोअर हे हँडलला जोडलेले नसून खात्याच्या अंतर्गत क्रमांकाला जोडलेले असतात. त्यामुळे त्याच खात्याचे हँडल बदलल्याने एकही फॉलोअर आपोआप कमी होत नाही, पोस्ट जात नाहीत आणि संदेशही पुसले जात नाहीत. माणसे गेली असतील तर ती दोनच वाटांनी गेलेली असतात. एक तर त्यांनी आपल्याला ओळखले नाही आणि अनोळखी खाते समजून सोडून दिले, किंवा ज्या लिंकवरून ती येत असत ती लिंकच तुटली.

या दोहोंतला फरक आकड्यांत दिसतो. व्यावसायिक खात्याच्या इनसाइट्समध्ये फॉलोअरांच्या वाढीचा भाग असतो. तेथे किती जणांनी नव्याने फॉलो केले आणि किती जणांनी सोडले हे वेगवेगळे दाखवलेले असते. नाव बदलण्यापूर्वीचे आणि नंतरचे दिवस शेजारी ठेवून पाहावेत. सोडणाऱ्यांची संख्या वाढली असेल तर प्रश्न ओळखीचा आहे आणि पहिल्या तीन तपासण्यांत उत्तर सापडेल. सोडणारे पूर्वीइतकेच आहेत पण नव्याने येणारे आणि प्रोफाइल पाहणारे घटले असतील, तर प्रश्न तुटलेल्या लिंकांचा आहे आणि चौथ्या तपासणीपासून पुढे जावे. दोन्ही बिघडले असेल तर आधी ओळख सावरावी, कारण तो उपाय फुकट असतो आणि त्याचा परिणाम लगेच दिसतो.

उदाहरणासाठी मी सावरलेला एक व्यवसाय घेतो. हाताने बांधलेल्या वह्या ऑनलाइन विकणारा हा व्यवसाय होता. त्यांनी एकाच दिवशी नाव, हँडल, लोगो आणि संकेतस्थळाचा पत्ता असे चारही बदलले आणि संध्याकाळी एक घोषणेची पोस्ट टाकली. लिहिण्याच्या सोयीसाठी त्यांचे जुने हँडल `june_naav` आणि नवे `nave_naav` असे मानू. त्यांच्याकडे सोडणारे वाढले होते आणि नव्याने येणारेही घटले होते.

पहिली तपासणी: नावाच्या रकान्यात जुने नाव आहे का?

इन्स्टाग्रामवर हँडल आणि नाव हे दोन स्वतंत्र रकाने आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हँडल `@` नंतर येते आणि त्यात इंग्रजी अक्षरे, अंक, टिंब आणि अधोरेषा एवढेच चालते. नावाचा रकाना मोकळा असतो, त्यात देवनागरीही चालते आणि शोध घेताना हा रकानाही तपासला जातो. म्हणजे हँडल बदलून टाकले असले तरी नावाच्या रकान्यात जुने नाव ठेवले, तर जुन्या नावाने शोधणाऱ्या ग्राहकाला खाते सापडण्याची शक्यता कायम राहते.

म्हणून पहिला उपाय असा की या रकान्यात ‘नवे नाव, पूर्वीचे जुने नाव’ असे लिहावे आणि बायोच्या पहिल्या ओळीत तेच पूर्ण वाक्यात सांगावे. लोक ज्या लिपीत शोधतात त्याच लिपीत जुने नाव लिहावे. ग्राहक ते इंग्रजी अक्षरांत टंकत असतील तर ते देवनागरीत लिहिण्याने शोधाला फारशी मदत होत नाही.

येथे एक मर्यादा आहे. हा रकाना १४ दिवसांत दोनदाच बदलता येतो. घाईघाईने दोनदा बदलून पाहिले आणि नंतर शुद्धलेखनाची चूक दिसली, तर ती चूक तशीच बाळगावी लागते. मजकूर आधी कागदावर लिहून, दुसऱ्या कोणाकडून वाचून घेऊन मगच भरावा. जुने नाव किती दिवस ठेवावे, असे मला नेहमी विचारले जाते. ठरावीक मुदत सांगण्यापेक्षा संदेशांकडे पाहावे असे मी सांगतो. ‘तुम्ही तेच का?’ हा प्रश्न येणे थांबल्यावर आणखी काही आठवडे जाऊ द्यावेत आणि मगच जुने नाव काढावे.

दुसरी तपासणी: लोगोही त्याच दिवशी बदलला का?

नाव बदललेल्या खात्यांची गळती बहुतेक वेळा येथेच सापडते, म्हणून या तपासणीवर थोडे थांबतो.

फॉलोअर आपले प्रोफाइल क्वचितच उघडतो. तो आपल्याला पाहतो ते फीडमध्ये, आणि तेथे पोस्टच्या वर एक लहान गोल चित्र आणि हँडल एवढेच असते. नावाचा रकाना तेथे दिसत नाही, त्यामुळे पहिल्या तपासणीतला उपाय फीडमध्ये लंगडा पडतो. गोल चित्रही नवे आणि हँडलही नवे असेल तर त्या ग्राहकाच्या दृष्टीने, न विचारता आपल्या फीडमध्ये घुसलेले ते एक परके खाते असते आणि ते काढून टाकणे अगदी स्वाभाविक असते. त्याने नाव बदलण्याची घोषणा वाचलेली असेल असे धरून चालता येत नाही, कारण फीड काळाच्या क्रमाने लागत नाही आणि प्रत्येक पोस्ट प्रत्येक फॉलोअरपुढे येत नाही.

त्यामुळे लोगो हँडलसोबतच बदललेला असेल तर जुना लोगो परत लावावा. हे ऐकून मालक नाराज होतात, कारण नव्या लोगोवर पैसे आणि मेहनत दोन्ही खर्च झालेली असते. पण हा बदल क्षणात होतो, फुकट आहे आणि केव्हाही उलटवता येतो. त्याने काय साधले तेही पुढच्या पोस्टीनंतर सोडणाऱ्यांच्या आकड्यावरून लगेच कळते. जुना लोगो नव्या नावाशी अगदीच विसंगत असेल, म्हणजे त्यात जुने नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल, तर मधला मार्ग म्हणून नवा लोगो जुन्या पार्श्वभूमीच्या रंगावर ठेवावा. एवढ्या लहान चित्रात अक्षरे वाचली जात नाहीत. डोळा ओळखतो तो रंग आणि ढोबळ आकार.

वह्यांच्या व्यवसायाने जुना लोगो परत लावला आणि नावाच्या रकान्यात दोन्ही नावे लिहिली. त्यानंतरच्या काही पोस्टींत सोडणाऱ्यांची संख्या पूर्वीच्या पातळीवर आली. आधी सोडून गेलेले परत आले नाहीत आणि ते परत येतील अशी अपेक्षाही ठेवू नये. या उपायाने गळती थांबते, गेलेली माणसे आणता येत नाहीत. नवे हँडल लोकांच्या डोळ्यांत बसल्यावर त्यांनी लोगो बदलला, तेव्हा कोणाची विशेष तक्रार आली नाही.

ज्यांचा बदल अजून व्हायचा आहे त्यांनी यातून क्रम घ्यावा. आधी नावाच्या रकान्यात नवे नाव जोडावे, मग घोषणा कराव्यात, मग हँडल बदलावे आणि सर्वांत शेवटी लोगो. हँडल आणि लोगो यांतील एक गोष्ट तरी प्रत्येक टप्प्यावर ग्राहकाच्या ओळखीची राहिली पाहिजे.

तिसरी तपासणी: घोषणा किती जणांपर्यंत पोहोचली आणि तिच्यात काय लिहिले होते?

एकदा केलेली घोषणा फॉलोअरांच्या एका भागापर्यंतच पोहोचते. ती प्रोफाइलच्या माथ्यावर पिन करावी. इन्स्टाग्रामवर तीन पोस्टपर्यंत पिन करता येतात, त्यांतली पहिली जागा काही महिने हिलाच द्यावी. त्याखेरीज स्टोरी २४ तासांत नाहीशी होते, म्हणून ती हायलाइटमध्ये साठवावी आणि त्या हायलाइटला जुनेच नाव द्यावे. नेहमीच्या पोस्टींच्या पहिल्या ओळीतही काही काळ ‘पूर्वीचे अमुक’ हा उल्लेख असू द्यावा. मालकाला तो कंटाळवाणा वाटेल, परंतु तो वाचणारा ग्राहक बहुधा पहिल्यांदाच वाचत असतो.

मजकुराबाबत माझे मत स्पष्ट आहे. नाव का बदलले, नव्या नावामागची कल्पना काय, प्रवास कसा झाला, हे ग्राहकाने विचारलेले नसते. त्याला जाणून घ्यायचे असते ते आपल्या प्रलंबित मागणीचे, बदलून देण्याच्या हमीचे आणि पैसे कोणत्या नावावर जातील याचे. म्हणून घोषणा साधारण अशी असावी:

‘आमचे नाव आजपासून अमुक झाले आहे. पूर्वी आपण आम्हाला तमुक या नावाने ओळखत होता. माणसे, दूरध्वनी क्रमांक आणि वस्तू त्याच आहेत. आधी नोंदवलेल्या मागण्या ठरल्याप्रमाणे पोहोचतील आणि जुन्या पावत्यांवरील हमी तशीच चालू राहील. बिलावर आणि पैसे भरताना आपल्याला हे नाव दिसेल.’

शेवटचे वाक्य सहसा विसरले जाते. समाजमाध्यमावर नवे नाव, पैसे भरण्याच्या पानावर जुने आणि बिलावर नोंदणीतले तिसरेच, असे तीन ठिकाणी तीन प्रकार असतील, तर सावध ग्राहक फसवणुकीच्या शंकेने थांबणारच. नोंदणीतले नाव लगेच बदलता येणार नसेल तर हरकत नाही, पण पैसे भरताना ते दिसेल हे आधीच सांगून ठेवावे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या स्वयंचलित स्वागत संदेशातही हेच दोन ओळींत टाकावे. ज्यांनी आपला क्रमांक जतन केलेला आहे त्यांच्या फोनवर त्यांनी जतन केलेले जुने नावच दिसत राहते, त्यामुळे आपण प्रोफाइलवर नाव बदलले आहे हे त्यांना एरवी कळतही नाही.

चौथी तपासणी: कोणत्या लिंका तुटल्या?

येथून पुढे काम वाढते. आधी काय तुटत नाही ते सांगतो, म्हणजे नाहक शोधाशोध होणार नाही. इन्स्टाग्रामच्या एकेका पोस्टची लिंक, जिच्यात `/p/` आणि त्यापुढे अक्षरांचा संच असतो, ती हँडलवर अवलंबून नसते आणि चालू राहते. ग्राहकांनी छायाचित्रावर आपल्याला टॅग केलेले असेल तर तो टॅग खात्याशी बांधलेला असतो, तोही टिकतो. व्हॉट्सअ‍ॅपची `wa.me` लिंक क्रमांकावर चालते, त्यामुळे नावाच्या बदलाशी तिचा संबंध नाही.

तुटतात त्या तीन गोष्टी. पहिली म्हणजे प्रोफाइलची थेट लिंक, `instagram.com/june_naav`. नव्या पत्त्याकडे ती आपोआप वळेल अशा भरवशावर राहता येत नाही. दुसरी म्हणजे लोकांनी पोस्टच्या मजकुरात लिहिलेला `@june_naav` हा उल्लेख, कारण तो केवळ मजकूर असतो आणि आपण हँडल बदलले म्हणून दुसऱ्याच्या पोस्टमधला मजकूर बदलत नाही. तिसरी आणि सर्वांत महाग म्हणजे प्रोफाइलच्या थेट लिंकवर बेतलेला, छापून गेलेला क्यूआर कोड.

तपासणीची पद्धत सोपी आहे. ज्या फोनवर आपले खाते उघडलेले नाही असा फोन घ्यावा आणि ग्राहक जेथून येतो त्या प्रत्येक ठिकाणाहून प्रत्यक्ष जाऊन पाहावे. संकेतस्थळाचा तळभाग, ईमेलखालची सही, व्हिडिओंखालचे वर्णन, वेष्टनावरचा आणि कार्डावरचा क्यूआर, आपला माल विकणाऱ्या किंवा आपल्याबद्दल लिहिणाऱ्या इतरांची पाने, हे सर्व एकेक करून उघडावे. इतरांच्या पानांवरचे सर्व उल्लेख बदलून घेणे शक्य नसते. जेथून खरोखर माणसे येतात अशा मोजक्या जणांना नवी लिंक पाठवून विनंती करावी, बाकीचे सोडून द्यावे. आपल्या स्वतःच्या जुन्या पोस्टींतही सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या तेवढ्याच दुरुस्त कराव्यात.

यूट्यूबवर थोडी सवड मिळते. हँडल बदलल्यावर १४ दिवस जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते चालतात, म्हणून तेथील लिंका त्या मुदतीतच बदलून घ्याव्यात. फेसबुक पेजचे नाव आणि त्याचे वापरकर्तानाव हे दोन वेगळे बदल आहेत. नाव बदलले तरी पत्ता जुनाच राहतो, तो वेगळा बदलावा लागतो, आणि एकदा नाव बदलले की पुढचे ७ दिवस ते पुन्हा बदलता येत नाही.

वह्यांच्या व्यवसायात नव्याने येणारे का घटले, याचे उत्तर क्यूआर कोडात निघाले. प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर तो छापलेला होता आणि थेट जुन्या प्रोफाइलकडे नेत होता. वही एकाकडून दुसऱ्याच्या हाती जाई, दुसरा तो कोड पाहून खात्यावर येई, आणि हाच त्यांचा नव्या फॉलोअरांचा मोठा ओघ होता. विकल्या गेलेल्या वह्या परत बोलावता येत नाहीत. पुढच्या छपाईपुरता मात्र पक्का उपाय करता आला. क्यूआरमध्ये समाजमाध्यमाचा पत्ता न देता आपल्या संकेतस्थळावरचा एक लहान पत्ता द्यावा आणि तो सर्व्हरवरून पुढे वळवावा. अपाची सर्व्हर असेल तर `.htaccess` फाइलमध्ये ही एक ओळ पुरते:

```
Redirect 302 /insta https://www.instagram.com/nave_naav/
```

येथे ३०२ मुद्दाम वापरले आहे. ते तात्पुरते वळण मानले जाते, त्यामुळे पुढे हँडल पुन्हा बदलले तरी ब्राउझर जुनाच पत्ता धरून बसण्याची भीती राहत नाही. छापलेला कोड तोच राहतो, बदलायची ती फक्त ही ओळ.

पाचवी तपासणी: जुने हँडल आता कोणाकडे आहे?

विकल्या गेलेल्या वह्यांचा आणि जुन्या उल्लेखांचा प्रश्न सुटतो तो येथे. जुने हँडल आपल्याच दुसऱ्या खात्याकडे असेल तर त्या सर्व तुटलेल्या लिंका एका पाटीपाशी येऊन थांबतात, आणि ती पाटी त्यांना नव्या खात्याकडे पाठवते.

इन्स्टाग्रामवर हँडल बदलल्यानंतर साधारणपणे १४ दिवस जुने हँडल त्याच खात्याला परत घेता येते. त्यामुळे बदलाचा पश्चात्ताप झाला तर या मुदतीतच निर्णय घ्यावा. याच काळात दुसऱ्या खात्याला ते हँडल घेताना नकार मिळू शकतो. तसे झाले तर निराश न होता मुदत संपण्याच्या सुमारास रोज प्रयत्न करावा. ते आपल्यालाच मिळेल याची हमी नसते आणि मोकळे झाल्यावर दुसरा कोणीही ते घेऊ शकतो. म्हणूनच हँडल ‘अजून चांगले सुचले’ म्हणून पुन्हा पुन्हा बदलू नये. प्रत्येक बदलागणिक राखण्याचे एक जुने नाव वाढते.

हँडल मिळाल्यावर त्या खात्यावर एकच पोस्ट, बायोत नव्या खात्याचा उल्लेख आणि जुना लोगो एवढेच ठेवावे. त्या खात्यावरून कोणालाही संदेश पाठवू नयेत, विक्री करू नये आणि त्याला फॉलोअर जमवण्याच्या मागे लागू नये, नाहीतर ग्राहकांपुढे खरे खाते कोणते हा नवाच प्रश्न उभा राहतो. त्याचा पासवर्ड आणि दुपदरी पडताळणी मुख्य खात्याइतकीच जपावी. हे खाते वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही, म्हणून चोराला ते सोपे पडते.

जुने हँडल आधीच दुसऱ्या कोणी घेतलेले असेल तर तो काय करतो ते पाहावे. त्या नावाने तो आपले स्वतःचे काही करत असेल तर करण्यासारखे फारसे नसते. तो ते विकायला निघाला तरी विकत घेऊ नये, कारण वापरकर्तानावांची खरेदी-विक्री इन्स्टाग्रामच्या अटींत बसत नाही आणि पैसे देऊनही खाते बंद होण्याचा धोका आपल्याच वाट्याला येतो. तो आपली छायाचित्रे किंवा लोगो लावून आपल्या ग्राहकांशी बोलत असेल, तर मात्र त्याच दिवशी तोतयागिरीची तक्रार नोंदवावी आणि खऱ्या खात्यावर स्पष्ट लिहावे की जुन्या हँडलवरून आलेला कोणताही संदेश आमचा नाही. नाव नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल तर त्यासाठीचा तक्रारीचा मार्ग वेगळा आहे आणि नोंदणीचा तपशील हाताशी असल्याने तो अधिक ठोस ठरतो.

सहावी तपासणी: पडताळणी झालेल्या ठिकाणी काय बदलले?

गूगलवरील व्यवसायाच्या प्रोफाइलबाबत एकच मोठा धोका असतो. नवे नाव झाले म्हणून लोक नवे प्रोफाइल काढतात आणि जुन्यावरचे सर्व अभिप्राय तेथेच अडकून पडतात. व्यवसाय तोच असेल तर आहे त्या प्रोफाइलचेच नाव बदलावे. पहिल्या तपासणीत सांगितलेली युक्ती येथे मात्र चालत नाही. गूगलच्या नावाच्या रकान्यात फक्त प्रत्यक्षात वापरात असलेले नाव लिहावे, ‘पूर्वीचे अमुक’ हे वर्णनात जावे. नावात जादा शब्द भरल्यास प्रोफाइल निलंबित होऊ शकते. फलक, संकेतस्थळ आणि बिल यांवर नवे नाव दिसू लागल्यावरच हा बदल करावा, कारण गूगल पुन्हा पडताळणी मागू शकते आणि तेव्हा दाखवायला तेच पुरावे लागतात.

पडताळणीची खूण असलेल्या खात्यांनी नाव बदलण्यापूर्वी त्या त्या ठिकाणचा नियम वाचावा. यूट्यूबवर वाहिनीचे नाव बदलले की ती खूण जाते आणि नव्या नावासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो.

सातवी तपासणी: संकेतस्थळाचा जुना पत्ता

डोमेन बदलले असेल तर जुन्या डोमेनचे प्रत्येक पान नव्या डोमेनवरील त्याच पानाकडे ३०१ या कायमच्या वळणाने गेले पाहिजे. सर्व पाने सरसकट नव्या मुखपृष्ठाकडे वळवणे हा नेहमीचा घोटाळा आहे. एखाद्या वस्तूची लिंक जपून ठेवलेला ग्राहक मुखपृष्ठावर येतो आणि त्याला वाटते की ती वस्तू बंद झाली. तपासण्यासाठी जुन्या पानांपैकी चार-सहा पत्ते घेऊन संगणकाच्या टर्मिनलमध्ये ही आज्ञा द्यावी:

```
curl -I https://june-naav.example/vahi
```

उत्तरात `301` हा आकडा आणि `location` या ओळीत नव्या डोमेनवरील नेमके तेच पान दिसावे. `404` दिसला तर ते पान हरवले आहे. `302` दिसला तर वळण तात्पुरते नोंदले गेले आहे, ते बदलावे. सर्व ठीक असेल तर गूगलच्या सर्च कन्सोलमधील पत्ताबदलाची सूचना भरावी. गूगलच्या सल्ल्यानुसार ही वळणे किमान वर्षभर ठेवावीत. माझा आग्रह त्याहून जास्त आहे. जुन्या डोमेनचे नूतनीकरण कधीच चुकवू नये. ते सुटले आणि दुसऱ्याने घेतले, तर जुन्या पत्त्यावर येणारे ग्राहकांचे ईमेल त्याला मिळू शकतात. त्या ईमेलवर एखादे खाते अजून नोंदलेले असेल तर पासवर्ड बदलण्याची लिंकही त्याच्याच हाती जाते. म्हणून समाजमाध्यमांची सर्व खाती नव्या ईमेलवर नेली आहेत का, हे येथेच पाहून घ्यावे.

वह्यांच्या व्यवसायाने जुने हँडल दुसऱ्या खात्यासाठी मिळवले आणि त्यावर पाटी लावली, तेव्हा शेवटच्या पानावरचा कोड पुन्हा कामी येऊ लागला. नव्याने येणाऱ्यांची संख्या हळूहळू सावरली, पण पूर्वीइतकी झाली नाही. पाटीवरून पुढे जाण्यासाठी आणखी एकदा बोट लावावे लागते आणि तेवढ्यात काही जण गळतात. जुन्या छपाईच्या वह्या वापरून संपेपर्यंत हे असेच राहणार होते.

कोठे थांबावे आणि कोणाला बोलवावे

नाव बदलण्याची विनंती एकदा नाकारली गेली तर कारण वाचून, पुरावे जुळवून दुसऱ्यांदा करावी. दुसऱ्यांदाही नाकारली गेली तर थांबावे आणि त्या माध्यमाच्या सहाय्य विभागाकडे लेखी जावे. पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्याने बदलाच्या मर्यादा संपतात आणि खाते संशयास्पद ठरू शकते. खाते बंद पडले किंवा त्यातून बाहेर काढले गेले, तरीही हाच मार्ग धरावा. पैसे घेऊन हँडल किंवा खाते ‘आतून’ मिळवून देतो म्हणणाऱ्याला पासवर्ड किंवा पडताळणीचा कोड कधीही देऊ नये.

नव्या नावावर कोणी हक्क सांगितला, नोटीस आली, किंवा जुन्या नावाने कोणी विक्री करत असेल आणि तक्रारीनंतरही थांबत नसेल, तर ट्रेडमार्कचे काम करणाऱ्या वकिलाकडे जावे. नोटिशीला स्वतः उत्तर लिहू नये आणि घाबरून हँडल लगेच बदलूही नये, कारण तो बदल परत घेण्याची मुदत मर्यादित आहे.

संकेतस्थळावर मोजकी पाने असतील तर वळणे स्वतः लिहिता येतात. पाने शेकड्यांनी असतील, वळणे एकमेकांत गुंतून पान उघडतच नसेल, किंवा डोमेन बदलल्यावर ईमेल पोहोचणे बंद झाले असेल, तर सर्व्हरचे काम जाणणाऱ्या माणसाला बोलवावे. त्याच्या हाती काम देण्यापूर्वी जुन्या पानांच्या पत्त्यांची पूर्ण यादी आणि डोमेनच्या सध्याच्या नोंदींची प्रत काढून ठेवावी. एकदा त्या पुसल्या गेल्या की कोणते पान कोठे होते हे अंदाजाने शोधावे लागते, आणि त्या कामाचे पैसे दुरुस्तीपेक्षा जास्त होतात.